अर्जातील चौकटी आणि हातातील गुणपत्रिका

अभियांत्रिकीच्या, विज्ञानाच्या किंवा वाणिज्य शाखेच्या तिसऱ्या वर्षात शिकणाऱ्या मुलामुलींच्या घरी हिवाळा सुरू झाला की एक नवा विषय जेवणाच्या वेळी निघू लागतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत इंटर्नशिप कोठे करावयाची, अर्ज कधी सुटतात, कोणत्या कंपनीने आणि कोणत्या विद्यापीठाने मुदत जाहीर केली. मुले अभ्यासात कमी नसतात, प्रकल्पही चांगले केलेले असतात. तरीही पंधरावीस अर्ज पाठवून एकाचेही उत्तर आले नाही, असे सांगणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. त्यांचे अर्ज पुन्हा उघडून पाहिले असता पुष्कळदा असे आढळते की विद्यार्थी नाकारला गेलेलाच नाही. त्याचा अर्ज कोणा माणसाच्या नजरेस पडण्यापूर्वीच गळून गेला होता.

असे का घडते हे समजण्यासाठी पोर्टलच्या मागे काय चालते ते थोडक्यात पाहावे लागेल. मोठ्या कंपनीच्या एका जागेसाठी शेकडो अर्ज येतात. निवड करणारा अधिकारी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत नाही. जाहिरातीत दिलेल्या अटी, म्हणजे शाखा, वर्ष, किमान गुण आणि थकलेले विषय नसणे, या त्या संगणकप्रणालीत चाळणी म्हणून लावल्या जातात आणि चाळणीतून उतरलेले अर्जच त्याच्यासमोर येतात. पुढे निवड झाल्यावर दुसरी फेरी होते. तेव्हा कागदपत्रांची पडताळणी करणारा माणूस अर्जातील प्रत्येक चौकट मूळ कागदाशी ताडून पाहतो. म्हणजे एकाच चौकटीला दोन परीक्षा द्याव्या लागतात, एक यंत्राची आणि दुसरी कागदाची. पहिल्या परीक्षेत तरून जावे म्हणून फुगवलेला आकडा दुसरीत बुडवतो. आणि अजाणता चुकीच्या जागी लिहिलेला खरा आकडा पहिलीतच बुडवतो.

समजा, सांगली जिल्ह्यातील एका महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीचे नाव स्नेहल अनिल मगदूम असे आहे. तिचाच अर्ज आपण भरावयास घेऊ.

पहिली चौकट नावाची. येथे चूक काय होणार, असे वाटते. परंतु महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांची सर्वांत सामान्य चूक येथेच होते. आपल्या राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी छापलेले असते: मगदूम स्नेहल अनिल. आधारपत्रावर बहुधा स्नेहल अनिल मगदूम असे असते. पोर्टलवर मात्र First Name, Middle Name, Last Name अशा तीन स्वतंत्र चौकटी असतात. गुणपत्रिका समोर ठेवून तीच ओळ डावीकडून उजवीकडे उतरवली की First Name मध्ये ‘मगदूम’ जाते आणि Last Name मध्ये वडिलांचे नाव. पुढे ओळखपत्र पडताळताना हे नाव जुळत नाही, आणि परदेशी विद्यापीठाच्या बाबतीत तर निमंत्रणपत्रच चुकीच्या नावाने निघते. ते पत्र घेऊन व्हिसासाठी गेल्यावर चूक लक्षात येते, आणि तोपर्यंत दुरुस्तीला वेळ उरलेला नसतो.

यावर उपाय साधा आहे. अर्ज परदेशातला असेल तर पारपत्रावर जसे आहे तसे लिहावे. भारतीय पारपत्रावर आडनाव आणि दिलेले नाव अशा दोनच ओळी असतात आणि दुसऱ्या ओळीत सहसा स्वतःचे व वडिलांचे नाव एकत्र असते. तेव्हा मधल्या नावाची चौकट अनिवार्य नसेल तर ती रिकामी ठेवून First Name मध्ये Snehal Anil असे दोन्ही शब्द लिहिणे योग्य ठरते. अर्ज देशातला असेल तर ज्या पदवीच्या आधारे अर्ज करीत आहोत त्या विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवरील स्पेलिंग प्रमाण मानावे. आपल्याकडे चौगुले हे आडनाव एका कागदावर Chougule तर दुसऱ्यावर Chaugule असे सर्रास असते, आणि वाचणाऱ्या यंत्राला ही दोन वेगळी माणसे वाटतात.

आपल्या समाजापुरती यात आणखी एक गुंतागुंत आहे. अनेक घरांत शाळेच्या दाखल्यावर कुळाचे आडनाव असते आणि आधारपत्र किंवा बँकेच्या खात्यावर ‘जैन’ असे असते. भावंडांपैकी एकाचे आडनाव एक आणि दुसऱ्याचे दुसरे, हेही आपण पाहतो. कोणते आडनाव अधिक योग्य हा घरचा प्रश्न आहे. अर्जापुरते पाहायचे तर शैक्षणिक कागद आणि ओळखीचा कागद यांवर एकच आडनाव असले पाहिजे. नसेल तर इंटर्नशिपचा मोसम सुरू होण्यापूर्वी, दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत, यांपैकी एक कागद दुरुस्त करून घ्यावा. शैक्षणिक कागदांपेक्षा आधारपत्रावरील दुरुस्ती बहुधा सोपी असते. राजपत्रात नाव बदलले असेल तर त्या पानाची प्रत पीडीएफ स्वरूपात तयार ठेवावी.

नावाशेजारीच जन्मतारखेची चौकट असते. अमेरिकी पोर्टलवर महिना आधी आणि दिवस नंतर लिहिण्याची पद्धत आहे. स्नेहलचा जन्म २३ नोव्हेंबरचा असता तर तिने सवयीने २३/११ लिहिताच पोर्टलने लाल अक्षरांत हरकत घेतली असती, कारण तेविसावा महिना नसतो. परंतु जन्म ७ नोव्हेंबरचा असेल आणि तिने ०७/११ लिहिले, तर पोर्टल निमूटपणे ११ जुलै ही तारीख स्वीकारते. महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांत जन्मलेल्यांनी म्हणून तारीख टंकित न करता शेजारच्या दिनदर्शिकेच्या चिन्हावरून निवडावी.

आता गुणांकडे वळू. सर्वाधिक अर्ज येथे गळतात, म्हणून येथे थोडे थांबू.

स्नेहलच्या चौथ्या सत्राच्या गुणपत्रिकेवर सीजीपीए ७.४२ असा छापलेला आहे. जाहिरातीत अट आहे: ‘किमान ७० टक्के किंवा ७.० सीजीपीए’. पोर्टलवर आधी एक उलगडणारी यादी येते, तीत Percentage आणि CGPA असे दोन पर्याय असतात, आणि त्याखाली आकडा लिहिण्याची चौकट. घरातील मोठी माणसे टक्क्यांच्या भाषेत विचार करतात. ‘टक्के किती पडले?’ हा आपला जुना प्रश्न. त्यामुळे मुलेही Percentage निवडतात आणि रूपांतर करायला बसतात.

रूपांतर कसे करायचे? कोणी सांगते, दहाने गुणा. मग उत्तर येते ७४.२. कोणी सांगते, साडेनऊने गुणा. उत्तर येते ७०.४९. साडेनऊचा हा गुणक सीबीएसईने आपल्या दहावीच्या श्रेणीपद्धतीसाठी सांगितला होता. तो विद्यापीठांच्या पदवीसाठी कधीच नव्हता, तरी तोंडोतोंडी सर्वत्र पसरला आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने दिलेल्या समतुल्यता-कोष्टकात ६.२५ ला ५५ टक्के, ६.७५ ला ६० टक्के, ७.२५ ला ६५ टक्के अशी जोडी लावलेली आहे. म्हणजे सीजीपीएमधून पाऊण वजा करून दहाने गुणावयाचे. त्या हिशेबाने स्नेहलचे टक्के होतात ६६.७. याखेरीज काही विद्यापीठांची स्वतःची सूत्रे आहेत. कोणी अर्धा वजा करते, कोणी निराळाच गुणक लावते. ज्या विद्यापीठाने असे सूत्र दिले आहे, त्याच्या विद्यार्थ्याला तेच लागू. ते बहुधा गुणपत्रिकेच्या मागील बाजूस किंवा परीक्षा विभागाच्या परिपत्रकात सापडते.

स्नेहलच्या विद्यापीठाचे सूत्र परिषदेच्या कोष्टकाप्रमाणेच आहे असे धरू. आता तीन शक्यता पाहा. तिने ७०.४९ लिहिले तर चाळणीतून ती सुटेल, मुलाखतही होईल. पण पडताळणीच्या वेळी तिच्याकडे विद्यापीठाचे रूपांतराचे प्रमाणपत्र मागितले जाईल आणि त्यावर ६६.७ असेल. तेव्हा निवड रद्द होते. हा आकडा तिने हेतुपुरस्सर फुगवलेला नसतो, पण प्रतिज्ञापनावर तिची सही असते. दुसरी शक्यता, तिने प्रामाणिकपणे ६६.७ लिहिले, तर ७० च्या अटीखाली यंत्र तिला त्याच क्षणी बाजूला काढेल. तिसरी शक्यता, तिने यादीतून CGPA निवडून गुणपत्रिकेवर छापलेला ७.४२ हा आकडा तसाच लिहिला, तर ७.० ची अट ती सहज पूर्ण करते आणि पडताळणीतही तोच आकडा समोर येतो. गुण तेच, अट तीच. केवळ अनावश्यक रूपांतरामुळे एक पात्र मुलगी अपात्र ठरू शकते. जाहिरातीत ‘किंवा’ हा शब्द असेल तर आपल्या गुणपत्रिकेवर जे एकक छापलेले आहे तेच निवडावे.

जाहिरातीत केवळ टक्केच मागितले असतील आणि अट ७० ची असेल, तर मात्र स्नेहल त्या जागेसाठी पात्र नाही. ६६.७ चे ओढूनताणून ७० करता येत नाहीत. अशा वेळी त्या अर्जात घालवायचा तास ६५ ची अट असलेल्या दुसऱ्या जागेसाठी वापरणे शहाणपणाचे.

आणखी एक बारीक गोष्ट. प्रत्येक सत्राचा एसजीपीए वेगळा आणि आजवरच्या सर्व सत्रांचा सीजीपीए वेगळा. मुले कधी कधी चार सत्रांचे एसजीपीए मिळवून चाराने भागतात. प्रत्येक सत्राचे श्रेयांक सारखे नसतात, त्यामुळे ही सरासरी छापील आकड्यापेक्षा थोडी निराळी येऊ शकते. ज्यांच्या गुणपत्रिकेवर सीजीपीए छापलेला आहे त्यांनी हिशेब करूच नये. ज्यांच्यावर नाही, त्यांनी प्रत्येक सत्राचा एसजीपीए त्या सत्राच्या श्रेयांकांनी गुणावा, सर्व गुणाकार मिळवावेत आणि एकूण श्रेयांकांनी भागावे.

अमेरिकेतील विद्यापीठाच्या पोर्टलवर जीपीए चारपैकी मागितलेला दिसला की ७.४२ ला दहाने भागून चाराने गुणण्याचा मोह होतो, उत्तर २.९७ येते आणि ते तिकडच्या वाचकाला कमकुवत वाटते. बहुतेक ठिकाणी आकड्याशेजारी ‘किती पैकी’ अशी दुसरी चौकट असते. तेथे १० लिहून मूळ आकडा द्यावा. ती चौकट नसेल तर सूचनांचे पान वाचावे. परदेशी विद्यार्थ्यांनी स्वतः रूपांतर करू नये, असे तेथे पुष्कळदा स्पष्ट लिहिलेले असते.

गुणांच्या खालोखाल फसवणारा प्रश्न थकलेल्या विषयांचा. आपल्याकडे त्याला सरळ ए.टी.के.टी. म्हणतात, पोर्टलवर त्याला बॅकलॉग म्हणतात. प्रश्न दोन प्रकारे विचारला जातो आणि दोहोंचा अर्थ भिन्न आहे. Active backlogs म्हणजे आज या क्षणी उत्तीर्ण व्हायचे राहिलेले विषय. History of backlogs म्हणजे आजवर कधीही राहिलेले विषय, मग ते पुढच्या परीक्षेत सुटले असले तरी. समजा, स्नेहलचा दुसऱ्या सत्रात गणिताचा विषय राहिला होता आणि तिसऱ्या सत्राबरोबर तो तिने सोडवला. पहिल्या प्रश्नाचे तिचे उत्तर ‘शून्य’, दुसऱ्याचे ‘एक’. पुष्कळ मुले दोन्हीकडे शून्य लिहितात. विषय सुटला म्हणजे मागचे पुसले गेले, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटते. पण गुणपत्रिकांचा संच जोडलेला असतो आणि दुसऱ्या सत्राच्या पानावर तो विषय अनुत्तीर्ण म्हणून छापलेला दिसतो. उलट अतिप्रामाणिक मुले दोन्हीकडे ‘एक’ लिहितात आणि ‘सध्या थकलेला विषय नसावा’ या चाळणीत विनाकारण अडकतात. पुनर्मूल्यांकनात विषय सुटला असेल तर सुधारित गुणपत्रिका जोडावी. जुने पान काढून टाकावे.

येथे प्रवर्गाच्या चौकटीविषयी चार शब्द लिहिणे आवश्यक वाटते, कारण शासकीय संस्था व विद्यापीठे यांच्या अर्जांत आपल्या मुलांचा हमखास गोंधळ होतो. जानेवारी २०१४ मध्ये केंद्र शासनाने जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले. त्यामुळे ‘धार्मिक अल्पसंख्याक आहात काय’ या प्रश्नाला ‘होय’ आणि पुढे ‘जैन’ असे उत्तर द्यावयाचे. परंतु अल्पसंख्याक असणे हा आरक्षणाचा प्रवर्ग नव्हे. Category ची चौकट वेगळी आहे आणि तेथे जातीच्या दाखल्याप्रमाणेच उत्तर द्यावे लागते. दाखला नसेल तर खुला प्रवर्ग. ज्या कुटुंबांची जात इतर मागासवर्गाच्या यादीत आहे त्यांनी हेही पाहावे की संस्था केंद्राची आहे की राज्याची. दोन्ही याद्या स्वतंत्र आहेत, दाखल्यांचे नमुनेही स्वतंत्र आहेत आणि केंद्रीय संस्था राज्याच्या नमुन्यातील दाखला सहसा परत पाठवते.

खाजगी कंपन्यांच्या पोर्टलवर सुरुवातीलाच एक आकर्षक बटण असते. रेझ्युमे चढवा, बाकीच्या चौकटी आपोआप भरल्या जातील. ते वापरण्यास हरकत नाही, पण त्याच्यावर विसंबू नये. हे यंत्र रेझ्युमे ओळीओळीने वाचते. रेझ्युमे दोन स्तंभांत सुंदर मांडलेला असेल तर डाव्या स्तंभातील ओळ उजव्या स्तंभातील ओळीला जोडली जाते आणि महाविद्यालयाच्या चौकटीत छंद, तर पदवीच्या चौकटीत गावाचे नाव, असे प्रकार घडतात. कधी शाळेचे वर्ष पदवीचे वर्ष म्हणून बसते आणि विद्यार्थी चार वर्षांपूर्वीच पदवीधर झाला असे यंत्राला वाटते. इंटर्नशिपसाठी ‘पदवी पूर्ण होण्याचे अपेक्षित वर्ष’ ही मुख्य अटींपैकी एक असते; ते वर्ष चुकले की अर्ज गेलाच. म्हणून एका स्तंभाचा साधा रेझ्युमे करावा आणि आपोआप भरलेली प्रत्येक चौकट हाताने तपासावी. रेझ्युमेतील मजकूर खरोखर मजकूर आहे की चित्र, हे कळण्याची सोपी खूण अशी: पीडीएफ उघडून एखादा शब्द माउसने निवडून पाहावा. शब्द निवडला जात नसेल तर ते चित्र आहे आणि यंत्राला ते कोरे पान दिसण्याचा संभव आहे.

कागदपत्रांचे आकार प्रत्येक पोर्टलवर निराळे असतात. मोबाईलने काढलेला फोटो तीनचार एमबीचा आणि मर्यादा दोनशे केबीची, असे नेहमीच होते. फाईल लहान करताना गुणपत्रिकेवरील आसनक्रमांक आणि आकडे वाचता येतील एवढे पाहावे, आणि चढवल्यानंतर पोर्टलवरूनच ती परत उघडून पाहावी. आपल्या संगणकावर काय आहे याने फरक पडत नाही. तिकडे काय पोहोचले ते महत्त्वाचे.

संपर्काच्या चौकटीतही एक घरगुती चूक होते. वडील जवळ बसून अर्ज भरून घेतात आणि मोबाईल क्रमांक आपला देतात. मग ओटीपी दुकानाच्या गल्ल्याजवळ वाजतो, गिऱ्हाइकांच्या गर्दीत कोणी पाहत नाही, आणि चाचणीची चोवीस तासांची मुदत निघून जाते. क्रमांक आणि ईमेल मुलाचेच असावेत. महाविद्यालयाने दिलेला ईमेल पदवीनंतर बंद होतो, तेव्हा पोर्टलने सक्ती केली नसेल तर कायमचा वैयक्तिक ईमेल द्यावा.

विद्यापीठांच्या आणि संशोधनसंस्थांच्या अर्जांत सर्वांत उशिरा लक्षात येणारा भाग शिफारसपत्राचा. विद्यार्थी प्राध्यापकांचे नाव आणि ईमेल लिहितो. पोर्टल प्राध्यापकांना दुवा पाठवते. ते तेथे आपले पत्र थेट चढवतात. यात तीन ठिकाणी दोरी तुटते. एक, ईमेल उतरवताना एखादे अक्षर चुकते आणि पत्र परत आल्याचे विद्यार्थ्याला कधीच कळत नाही. दोन, अनेक परदेशी विद्यापीठे शिफारसकर्त्याचा संस्थेचा अधिकृत ईमेल मागतात आणि आपल्या महाविद्यालयांतील बरेच प्राध्यापक खाजगी ईमेलच वापरतात. सरांच्या नावे महाविद्यालयाचा पत्ता असतो, पण तो त्यांनी वर्षानुवर्षे उघडलेला नसतो. तीन, आणि हे महत्त्वाचे, दुवा नेमका केव्हा निघतो हे पोर्टलगणिक बदलते. काही ठिकाणी ईमेल लिहून जतन करताच तो जातो, तर काही ठिकाणी संपूर्ण अर्ज सादर केल्यावरच. दुसऱ्या प्रकारात विद्यार्थ्याने शेवटच्या रात्री अर्ज सादर केला, तर सरांच्या हाती पत्र लिहिण्यास काही मिनिटेच उरतात.

म्हणून सरांना आधी प्रत्यक्ष भेटावे, त्यांचा चालू असलेला अधिकृत ईमेल त्यांच्याकडूनच लिहून घ्यावा आणि मुदतीच्या किमान दोन आठवडे आधी दुवा त्यांच्यापर्यंत पोहोचेल असे पाहावे. ‘सर, आपल्याला दुवा मिळाला का? स्पॅममध्ये गेला असेल तर कृपया पाहाल का?’ असे दुसऱ्या दिवशी विचारण्यात संकोच बाळगू नये. विद्यार्थ्याच्या पानावर शिफारसपत्राची स्थिती दिसत असते. तेथे ‘पाठवले’ असे दिसणे म्हणजे दुवा गेला एवढेच. ‘प्राप्त’ असे दिसेपर्यंत काम झालेले नाही.

राहता राहिली मुदत. जाहिरातीत ‘रात्री ११:५९’ असे असते, पण कोठली रात्र ते पाहावे लागते. न्यूयॉर्कची रात्र असेल तर हिवाळ्यात आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे १०:२९ झालेले असतात. तिकडे उन्हाळी वेळ चालू असेल तर ९:२९. पश्चिमेकडचे अर्ज असे आपल्याला काही तास बहाल करतात, आणि त्या सवयीने मुले पूर्वेकडे फसतात. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. तेथील ११:५९ म्हणजे त्याच दिवशी आपल्या रात्रीचे ९:२९. जेवण आटोपून साडेदहाला अर्ज सादर करायला बसलेल्या मुलाला बटणच दिसत नाही.

आणि बटण दाबले तरी अर्ज गेला असे लगेच समजू नये. अनेक पोर्टलवर जतन करणे, पुढे जाणे, पडताळणे आणि सादर करणे ही चार वेगळी पावले असतात. Review चे पान आले की सर्व चौकटी एकत्र दिसतात आणि मुलांना वाटते, झाले. वस्तुतः त्या पानाच्या तळाशी, प्रतिज्ञापनाच्या खुणेखाली Submit हे बटण असते. ते दाबले नाही तर अर्ज Draft या अवस्थेत पडून राहतो आणि मुदत संपली की तो नाहीसा होतो. खरा पुरावा दोनच गोष्टींचा: अर्जाचा क्रमांक आणि पोच देणारा ईमेल. हे दोन्ही मिळाल्यावर Review च्या पानाची पीडीएफ करून ठेवावी. दोन महिन्यांनी मुलाखतीला बोलावणे येते तेव्हा आपण अर्जात नेमके काय लिहिले होते, हे आठवत नाही. आणि मुलाखत घेणाऱ्याच्या हातात तेच पान असते.

अर्ज गेल्यावर चूक सापडली, तर काय करावे, हा प्रश्न पालक हटकून विचारतात. पहिली प्रतिक्रिया दुसऱ्या ईमेलने नवा अर्ज करण्याची असते. ती टाळावी, एकाच माणसाचे दोन अर्ज दिसले की काही प्रणाली दोन्ही बाजूला काढतात. काही पोर्टलवर Withdraw चा पर्याय असतो, पण तो दाबण्यापूर्वी त्याच जागेसाठी पुन्हा अर्ज करता येतो की नाही हे सूचनांत वाचावे, कारण पुष्कळ ठिकाणी तो दरवाजा एकदाच उघडतो. मोबाईल क्रमांक, पत्ता, ईमेल अशा गोष्टी स्वतःच्या खात्यातून मुदतीनंतरही बहुधा बदलता येतात. गुण, थकलेले विषय, जन्मतारीख, नाव या गोष्टी बदलता येत नाहीत. त्यासाठी जाहिरातीत दिलेल्या ईमेलवर लिहावे. पत्र लांबवू नये. विषयाच्या ओळीत अर्जाचा क्रमांक, मजकुरात कोणत्या चौकटीत काय लिहिले गेले आणि योग्य उत्तर काय, आणि सोबत त्या कागदाची प्रत. स्नेहलने घाईत Percentage निवडून ६६.७ पाठवले असते, तर तिच्या पत्रात एवढेच असते की गुणपत्रिकेवर सीजीपीए ७.४२ आहे, जाहिरातीतील सीजीपीएची अट ती पूर्ण करते, आणि चौथ्या सत्राची गुणपत्रिका सोबत जोडली आहे. मुदतीच्या आत असे पत्र पोहोचले तर दुरुस्ती होण्याचा संभव असतो. छाननी सुरू झाल्यावर तोच अधिकारी इच्छा असूनही काही करू शकत नाही.